तिरक्या नळीचा मॅनोमीटर: वाचन दहापट लांबते, पण चुकाही लांबतात

प्रश्न: आमच्या क्लीन रूम आणि कॉरिडॉरमधला दाबफरक 15 पास्कलच्या आसपास हवा आहे. पाण्याच्या उभ्या यू-ट्यूबवर तो जेमतेम दीड मिलिमीटर दिसतो. म्हणून 300 मिमी लांबीची नळी एका टोकाला 30 मिमी उचलून, रॉकेल भरून तिरका मॅनोमीटर बनवला आहे. नळीचा आतला व्यास 5 मिमी, टाकीचा 75 मिमी. आता अचूकता दहापट झाली असे धरायचे का?

उत्तर:

संवेदनशीलता दहापटीहून थोडी अधिक वाढली आहे. अचूकता मात्र तेवढी वाढेलच असे नाही. तुमच्याच मापांवर हिशेब मांडला, तर हा फरक स्पष्ट दिसतो.

पाण्याच्या 1 मिमी उंचीचा दाब 9.8 पास्कल असतो, म्हणून 15 पास्कलला यू-ट्यूबच्या दोन पातळ्यांत 1.53 मिमी फरक पडतो आणि प्रत्येक बाजू स्वतःच्या जागेवरून फक्त पाऊण मिलिमीटर हलते. डोळ्याने पट्टी वाचताना एकूण अर्धा मिलिमीटर चूक झाली, तरी ती 5 पास्कलची होते. म्हणजे मोजायच्या राशीचा एक तृतीयांश. रॉकेलची घनता 800 किलो प्रति घनमीटर धरली, तर त्याच दाबाला 1.91 मिमी उंची लागते. ही उंची नळी तिरकी केल्याने बदलत नाही. बदलते ती एवढीच गोष्ट की तितकी उंची गाठण्यासाठी द्रवाला नळीतून किती लांब सरकावे लागते. तुमच्या नळीत sin θ म्हणजे 30 भागिले 300, अर्थात 0.1 आहे, म्हणून द्रव साधारण 19 मिमी सरकेल असे वाटते.

प्रत्यक्षात तो तेवढा सरकत नाही, कारण नळीत चढलेला द्रव टाकीतून येतो आणि टाकीची पातळी किंचित खाली जाते. संपूर्ण सूत्र असे आहे:

Δp = ρ g L (sin θ + a/A)

येथे ρ ही द्रवाची घनता, L हे द्रव नळीतून सरकतो ते अंतर, a हे नळीचे आणि A हे टाकीचे छेदक्षेत्र आहे. तुमच्याकडे a/A म्हणजे 5 भागिले 75 या गुणोत्तराचा वर्ग, सुमारे 0.0044. नळी उभी असती तर sin θ चे मूल्य 1 असते आणि ही दुरुस्ती अर्ध्या टक्क्याहून कमी भरली असती, त्यामुळे उभ्या मॅनोमीटरसाठी ती सोडून देण्याची सवय चालून जाते. पण तिरक्या नळीत ती 0.1 च्या शेजारी बसते आणि 4.4 टक्के होते. म्हणून 15 पास्कलला L 19.1 नव्हे, तर 18.3 मिमी येईल. आता वाचनातली अर्ध्या मिलिमीटरची चूक 0.4 पास्कलची झाली. तुमचा खरा फायदा हाच आहे.

याची किंमत कोनाला मोजावी लागते. नळी 30 अंशांवर असेल तर कोनातील एका अंशाच्या चुकीने दाब 3 टक्के चुकतो. तुमच्या नळीचा कोन पावणेसहा अंश आहे, तेथे तीच एका अंशाची चूक 17 टक्क्यांची होते. एक अंश म्हणजे पुष्कळ झाला, आपल्याकडून तेवढी चूक होणार नाही, असे मलाही वाटत असे. अंधेरीतील एका इमारतीच्या गच्चीवरील प्लँट रूममध्ये मी असाच मॅनोमीटर जमिनीवर ठेवला, शून्य नीट जुळवले, आणि आलेले आकडे खालच्या मजल्यावर त्याच उपकरणाने घेतलेल्या आकड्यांशी दोन दिवस जुळेनात. गच्चीला पावसाचे पाणी जाण्यासाठी ढाळ दिलेला होता. शंभरास एक एवढा ढाळ उघड्या डोळ्यांना दिसतही नाही, पण 300 मिमीत तो 3 मिमी होतो. नळीचा चढ 30 ऐवजी 27 मिमी राहिला आणि sin θ 0.1 ऐवजी 0.09 झाला. अशा स्थितीत खरा दाब 15 पास्कल असताना द्रव 20.2 मिमी सरकतो आणि पट्टी 16.6 पास्कल दाखवते. शून्य जुळवल्याने फक्त सुरुवातीची जागा बरोबर होते, पट्टीचा चढ चुकलेला आहे हे त्यातून कधीच कळत नाही. उभी नळी एवढीच कलली असती तर चूक हजारात एका भागापेक्षाही कमी राहिली असती.

म्हणून स्पिरिट लेव्हल फळीवर कायमची बसवा आणि उपकरण जेथे ठेवाल तेथे पुढील चाचणी करा. दोन्ही तोंडे हवेत मोकळी ठेवून मेनिस्कसची जागा नोंदवा. मग सिरिंजने टाकीत 10 मिली रॉकेल सावकाश सोडा आणि मेनिस्कस किती सरकला ते पाहा. ओतलेल्या द्रवाचे घनफळ भागिले A हे L (sin θ + a/A) एवढेच येते, म्हणजे दाबाच्या सूत्रातील तोच कंस. तुमच्या टाकीचे क्षेत्र 44.2 चौरस सेंमी असल्यामुळे 10 मिली म्हणजे 2.26 मिमी, आणि मेनिस्कस 21.7 मिमी सरकायला हवा. तो 24 मिमी सरकला, तर चढ 27 मिमीच आहे असे समजावे. कोन आणि टाकीची दुरुस्ती या दोन्ही गोष्टी एकाच कृतीत तपासल्या जातात, शिवाय हे 10 मिली सुमारे 17.8 पास्कलच्या बरोबरीचे असल्याने चाचणी तुमच्या नेमक्या पल्ल्यातच होते. अट एवढीच की टाकीच्या भिंती उभ्या असाव्यात आणि तिचा व्यास कॅलिपरने मोजलेला असावा. चाचणीनंतर द्रव काढून घ्या किंवा शून्य नव्याने जुळवा.

दुसरी लांबणारी चूक मेनिस्कसची. स्वच्छ काचेच्या 5 मिमी नळीत केशाकर्षणाने पाणी सुमारे 5 मिमी चढते. हा भाग स्थिर असेल तर शून्यात निघून जातो. नळीत कोठे तेलकट डाग असला की तो स्थिर राहत नाही. उंचीतील 0.3 मिमीचा फरक तुमच्या पट्टीवर 3 मिमी दिसेल, आणि तो दाब बदलल्यामुळे आला की डागामुळे, हे पट्टी सांगू शकत नाही. तुम्ही पाण्याऐवजी रॉकेल घेतले ते त्यासाठी योग्यच आहे, कारण त्याचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी असतो आणि ते काच एकसारखी भिजवते. तरीही प्रत्येक वाचन दोन्ही बाजूंनी घ्या: रबरी नळी हलकेच दाबून मेनिस्कस एकदा वरून आणि एकदा खालून जागेवर येऊ द्या. दोन वाचनांत एक मिलिमीटरहून अधिक फरक आला, तर नळी साफ करण्याची वेळ आली आहे.

याच कारणांमुळे नळी आणखी आडवी करण्याच्या मोहात पडू नका. चढ 6 मिमीवर आणला तर वाचन आणखी लांबेल, पण मेनिस्कसची कड इतकी पसरट होते की नेमके कोठे वाचावे ते ठरत नाही, आणि नळीतला किंचित बाकही वाचनात मोठा होऊन उतरतो.

राहिली घनता. सिरिंजची चाचणी ती तपासत नाही, कारण त्या हिशेबात घनता येतच नाही. 800 हा आकडा गृहीत न धरता तुमच्याच बाटलीतील 100 मिली रॉकेल मापनळीत घेऊन तराजूवर तोला, आणि मिळालेली घनता पट्टीच्या शेजारी लिहून ठेवा.