मिनी दाळ मिल नवीन आहे, एकाही गिऱ्हाइकाचं नाव सांगता येत नाही. मग लोकांनी तूर कोणत्या भरवशावर द्यावी?

"यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मिनी दाळ मिल टाकली. तूर भरडून द्यायचं काम करायचं आहे. जो येतो तो विचारतो, आधी कोणाची दाळ केली? अजून कोणाचीच नाही. मित्र म्हणतो, चार-दोन नावं सांगून दे, कोण पाहायला जाते. खोटं न बोलता सुरुवात कशी करावी?"

नावं सांगू नका. पंचक्रोशीत कोणाची तूर कुठे भरडली हे चहाच्या टपरीवर दोन दिवसांत कळतं. "तुमच्या आधी कोणाचीच केली नाही, पण तुमच्या समोर मोजून करतो" असं सरळ सांगा. आता हे मोजणं नेमकं कसं करायचं ते लिहितो, कारण बहुतेकांचं तिथेच चुकतं.

शेतकऱ्याला दाळ चांगली होईल का याची काळजी असतेच, पण त्याहून मोठी शंका वजनाची असते. पोतं भरून तूर दिली आणि दाळ एवढीशीच आली, बाकीची गेली कुठे? तुरीच्या दाण्यात टरफलच साधारण 13 ते 15 टक्के असतं. म्हणजे एकही दाणा फुटला नाही, चिमूटभर पीठ उडालं नाही, तरी क्विंटलमागे 85-87 किलोच्या वर दाळ निघूच शकत नाही. प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी निघते. "आमच्याकडे 85 टक्के उतारा" असा फलक लावणारा माणूस पहिल्याच पोत्यात उघडा पडतो.

म्हणून पहिल्या तीन चाचण्या तीन वेगळ्या शेतकऱ्यांच्या तुरीवर करा, प्रत्येकी 25 किलो. घरची निवडक, चाळलेली बियाण्याची तूर घेऊ नका. तिचा उतारा छान दिसतो, आणि नंतर खऱ्या मालाचा कमी आला की तुम्ही काहीतरी काढून घेतलं असंच वाटतं. एकाची तूर बारीक दाण्याची, एकाची मागच्या वर्षीची असली तर उत्तम. 25 किलोपेक्षा कमी मात्र नको: मशीनच्या चाळणीत, रोलरच्या फटीत थोडा माल अडकतोच, आणि पाच किलोच्या चाचणीत तेवढ्यानेच हिशेब बिघडतो. काम झाल्यावर मशीन उघडून, ब्रशने झाडून, अडकलेला मालही त्याच शेतकऱ्याच्या ढिगात टाका. हे त्याच्या डोळ्यांसमोर करा. आपल्या मालात दुसऱ्याचा माल मिसळला का, ही शंका त्यानेच जाते.

आता एका लॉटचा हिशेब पाहा. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे वेगळे येतील.

आलेली तूर 25 किलो. चाळून माती, खडे, काडीकचरा 600 ग्रॅम निघाला, उरली 24.4 किलो. रोलरवर ओरखडे पाडून, भिजवून, दोन-तीन दिवस उन्हात वाळवल्यावर पुन्हा काट्यावर ठेवली तर भरली 23.6 किलो. हे 800 ग्रॅम कोणी नेले नाहीत, ते पाणी आहे. तुरीत 12 टक्के ओल असली आणि वाळून 9 वर आली की 24.4 किलोचे बरोबर तेवढेच होतात. हे वजन भरडायच्या आधी, शेतकऱ्यासमोर करणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण नंतर समजावून सांगितलं तर ते बहाणा वाटतं. ओल मोजायचं यंत्र नसलं तरी चालतं, काटाच सांगतो.

भरडल्यावर दाळ 17.5 किलो, तुकडा 1 किलो, चुनी 1.4, टरफल 3.3. बेरीज 23.2 किलो. म्हणजे 400 ग्रॅम भुकटी होऊन उडाली. हा सगळा हिशेब चिठ्ठीवर मांडा आणि ही भुकटीही त्यात लिहा. न जुळणारे 400 ग्रॅम स्वतःहून लिहिणाऱ्यावर माणूस बाकीच्या आकड्यांसाठी विश्वास ठेवतो. चुनी आणि टरफल कोणाचं, हेही आधीच लिहून टाका. ज्याच्या गोठ्यात जनावरं आहेत त्याला चुनी हवीच असते, आणि भांडणं दाळीपेक्षा चुनीवरून जास्त होतात.

एखादा लॉट बिघडेल. दाळीला टरफलाचे तुकडे चिकटून राहिले तर भिजवणं किंवा वाळवणं कमी पडलं. तुकडा आणि पांढरी भुकटी जास्त निघाली तर रोलरची फट दाण्याच्या मानाने बारीक आहे, किंवा लहान-मोठा दाणा वेगळा न करता एकत्र टाकला. अशा लॉटची चिठ्ठीही मिलच्या भिंतीवर इतर दोघींच्या शेजारी लावा, खाली कारण आणि काय बदललं ते लिहा. झालेलं नुकसान दाळीतच भरून द्या. तिन्ही चाचण्या फुकट केल्या असतील तर तेही चिठ्ठीवर असू द्या. आणि फुकटच्या बदल्यात "चांगलं सांगा" असं कोणाला म्हणू नका. नाव लावायचं तर विचारून लावा, नको म्हणाला तर "गावातले एक शेतकरी, तूर मारोती वाणाची" एवढं पुरे.

काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का असू द्या आणि प्रमाणपत्र काट्याच्या मागेच भिंतीवर लावा. गिऱ्हाइकाला स्वतःचं दोन किलोचं माप आणून तपासू द्या.

मग लोकांपर्यंत जायचं. माझ्या मते पहिली जागा महिला बचत गटाची बैठक. दाळ घरात शिजवणाऱ्या त्याच, आणि "शिजते का हो?" हा खरा प्रश्न त्याच विचारतात. गावच्या गटांचं काम पाहणाऱ्या सीआरपी ताईंना आधी भेटून वेळ घ्या. सोबत तिन्ही लॉटच्या पाव-पाव किलोच्या पारदर्शक पुड्या न्या, प्रत्येकीला तिची चिठ्ठी टाचलेली. भाषण नको. पुड्या तिथेच ठेवून या: तिन्ही घरी शिजवून पाहा, पण पाणी एकच आणि कुकर एकच घ्या. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, त्यात चांगली दाळही उशिरा शिजते, आणि जुनी तूरही शिजायला हट्टी असते. हे आधी सांगितलं नाही तर दोष मिलला लागतो.

व्हॉट्सॲपवर टाकायचा मजकूर एवढाच ठेवा:

"गावात नवीन मिनी दाळ मिल. आतापर्यंत तीन शेतकऱ्यांच्या 75 किलो तुरीची चाचणी केली, तिन्ही फुकट. उतारा किती आला त्याच्या चिठ्ठ्या मिलवर लावल्या आहेत, एक लॉट बिघडला तोही. पहिल्यांदा 25 किलोच आणा, वजनाच्या वेळी थांबा. चुनी-टरफल तुमचंच."

हे सगळं तूर निघाल्याबरोबर, जानेवारी-फेब्रुवारीत उरका. लोक घरापुरती तूर ठेवून बाकीची विकतात ते याच दिवसांत, आणि वाळवायला पुढे कडक ऊन मिळतं. पावसाळा लागल्यावर वाळवण होत नाही, तेव्हा आलेलं पोतं नाकारा. ओली दाळ घरी जाऊन बुरसली तर भिंतीवरच्या चिठ्ठ्या कोणी वाचत नाही.