भागीतल्या आंब्याचा हिशेब दोन वह्यांत असताना नफा कसा काढावा?

प्रश्न : मी देवगडला आंबा घेतो, चिपळूणचा माझा सोबती विकतो. नफा निम्मानिम्मा ठरला आहे. भागीची वेगळी वही नाही, दोघांनी आपापल्या वहीत लिहिले आहे. आता नफा कसा काढायचा आणि कोणी कोणाला किती द्यायचे?

उत्तर :

वेगळी वही नसली तरी काही बिघडत नाही. मी कुडाळला व्यापाऱ्यांची खाती लिहितो आणि एका हंगामापुरत्या भागीला हीच पद्धत मला सोयीची वाटते. तुम्ही तुमच्या वहीत सोबत्याच्या नावाचे एकच भागी खाते उघडायचे आणि त्यात फक्त तुमच्या हातून झालेले व्यवहार लिहायचे. सोबत्यानेही तुमच्या नावाने तसेच करायचे. नफा मात्र या दोन्हींपैकी एकाही खात्यात दिसत नाही, कारण प्रत्येकाकडे अर्धीच हकीकत असते. त्यासाठी दोघांच्या नोंदी एका कागदावर एकत्र मांडून मेमोरँडम खाते करावे लागते. ते खतावणीचा भाग नसते, केवळ नफा काढण्यापुरते टिपण असते.

समजा, तुम्ही 400 पेट्या 1,500 रुपये दराने घेतल्या, म्हणजे 6,00,000 झाले. लाकडी पेट्या, पेंढा, हमाली आणि गाडीभाडे मिळून 60,000 लागले. सोबत्याने मधल्या काळात तुम्हाला 3,00,000 पाठवले. त्याने गाळ्याचे भाडे व उतराई म्हणून 20,000 खर्चले, 380 पेट्या विकून 8,00,000 मिळवले आणि ठरल्याप्रमाणे विक्रीवर 5 टक्के कमिशन, म्हणजे 40,000, घेतले. उरलेल्या 20 पैकी 12 पेट्या डागी निघून फेकाव्या लागल्या आणि 8 त्याने 1,500 च्या दराने स्वतःच्या दुकानासाठी ठेवल्या.

मेमोरँडम खात्याच्या नावे बाजूला तुमचे 6,60,000 आणि त्याचे 20,000 व 40,000 असे 7,20,000 येतात. जमा बाजूला विक्रीचे 8,00,000 आणि ठेवलेल्या पेट्यांचे 12,000 येतात. नफा 92,000, प्रत्येकी 46,000. फेकलेल्या 12 पेट्यांची वेगळी नोंद करायची नाही. हंगामात एवढा माल डागी निघायचाच, आणि त्याची किंमत खरेदीत आधीच धरलेली आहे. स्वतःसाठी ठेवलेल्या 8 पेट्या मात्र विसरू नयेत. असा माल कोणी मुद्दाम लपवत नाही, पण ‘घरच्याच तर आहेत’ म्हणून तो लिहायचा राहून जातो.

सर्वाधिक घोळ त्या 3,00,000 पायी होतो. ही रक्कम खर्चही नाही आणि उत्पन्नही नाही, एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलेली उचल आहे. म्हणून ती दोघांच्या आपापल्या खात्यांत येते, मेमोरँडम खात्यात कधीही नाही. मी नवखा असताना अशीच रक्कम खर्चात धरली होती आणि चांगल्या चाललेल्या हंगामात भलामोठा तोटा दाखवून दोन भल्या माणसांना संध्याकाळभर घोर लावला होता.

नफा निघाला की तो आपापल्या वहीत आणावा. तुमच्याकडील भागी खात्यात नावे 6,60,000 आणि नफ्याचे 46,000, म्हणजे 7,06,000, आणि जमा 3,00,000. तुमचे येणे 4,06,000. सोबत्याकडे नावे पाठवलेले 3,00,000, खर्चाचे 20,000, कमिशनचे 40,000 आणि नफ्याचे 46,000, मिळून 4,06,000, जमा 8,12,000, त्याचे देणे 4,06,000. दोन्ही आकडे जुळले. ही रक्कम त्याने तुम्हाला दिली की दोन्ही खाती मिटतात.

आकडे जुळले नाहीत तर फरकाकडेच पाहा. फरक 3,00,000 असेल तर पाठवलेली रक्कम एकाच्याच वहीत चढली आहे. फरक 12,000 असेल तर ठेवलेल्या पेट्या सोबत्याने वहीत लिहिल्या, पण मेमोरँडम खात्यात आणल्या नाहीत, असा संशय घ्या. मात्र जुळणी झाली म्हणजे सगळे बरोबर, असेही नाही: एखादी विक्री सोबत्याच्या वहीतही नसेल आणि मेमोरँडम खात्यातही नसेल, तर आकडे तंतोतंत जुळतात आणि नफा मात्र चुकलेला असतो. म्हणून पैशांच्या आधी पेट्या जुळवा. 400 घेतल्या, 380 विकल्या, 12 फेकल्या, 8 ठेवल्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण आंब्यात ती टळत नाही. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपते, तेव्हा आपला हंगाम भरात असतो. त्या दिवशी वाटेत किंवा गाळ्यावर असलेला माल खरेदी अधिक भाडे व पॅकिंग या किमतीने मेमोरँडम खात्याच्या जमा बाजूला शिल्लक म्हणून दाखवा, विकलेल्या मालापुरताच नफा वाटून घ्या आणि नव्या वर्षी तीच शिल्लक नावे बाजूने सुरू करा. उधारीवर माल दिला असेल, तर बुडीत रक्कम कोणाच्या माथी, हे मात्र आजच लिहून घ्या. काही ठरले नसेल तर ती भागीचाच तोटा धरून दोघांत वाटली जाते.