टिंगल करणाऱ्याला उत्तर द्यायचं की सोडून द्यायचं? एका मुलाची केस

"मॅडम, ऑफिसात एक जण रोज माझी टिंगल करतो. घरचे म्हणतात लक्ष देऊ नको, मित्र म्हणतात एकदा तोंडावर सुनाव. दोन्ही करून बघितलं, काही फरक नाही. नक्की करू काय?"

हाच प्रश्न घेऊन आलेल्या एका मुलाचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. वय सत्तावीस, मूळचा लातूरकडचा, शिवाजीनगरच्या एका ऑफिसात अकाउंट्सला. त्याच्या टीममधला एक जण त्याच्या बोलण्याची नक्कल करायचा. हा एकदा फोनवर आईला "काय करायलीस" म्हणाला होता आणि तेव्हापासून ते वाक्य त्याला चिकटलं, चहाला उतरलं की "काय करायलास रे" असं लांबवून म्हणायचं आणि बाकीचे तिघं हसायचे. ऐकणाऱ्याला वाटेल एवढंसं तर आहे, पण हा मुलगा सहा महिन्यांत मीटिंगमध्ये बोलायचाच बंद झाला होता आणि आईचा फोन जिन्यात जाऊन घ्यायला लागला होता. मला त्याचं फार वाईट वाटलं, आपल्या आईशी आपल्या भाषेत बोलायची चोरी व्हावी माणसाला!

पहिल्या भेटीत मी सल्ला दिलाच नाही. एक छोटी वही करायला सांगितली, दोन आठवडे. तो काय बोलला, तेव्हा आजूबाजूला कोण होतं, तू काय केलंस आणि त्यानंतरच्या दहा सेकंदांत काय झालं, बास एवढंच लिहायचं. त्यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण टिंगल करणाऱ्याला मोबदला मिळतो तो त्या दहा सेकंदांतच.

दोन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या, त्यातल्या नऊ चहाच्या वेळच्या. लिफ्टमध्ये दोघंच असताना एकही नाही, उलट तिथे तो माणूस नीट कामाचं बोलायचा. आणि दुसरी गोष्ट दिसली ती अशी की हा चार-पाच वेळा गप्प बसायचा आणि सहाव्या वेळी भडकायचा, मग समोरचा म्हणायचा "अरे मस्करी केली, एवढं काय मनाला लावून घेतोस" आणि सगळं टेबल त्याच्या बाजूने.

घोळ नेमका इथेच होता. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरं आणि उंदरांवर जे प्रयोग केले त्यात हेच दिसलं होतं. टोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल आणि मग तो बंद केला तर कबुतर तसं लवकर सोडून देतं, पण दाणा कधी मिळतो कधी नाही असं असेल तर बंद केल्यावरही कितीतरी वेळ टोचा मारत राहतं. पाच वेळा दुर्लक्ष आणि सहाव्यांदा स्फोट, म्हणजे आपण समोरच्याला चिकाटी शिकवतोय, गळ टाकून बसला की मासा कधीतरी लागतोच. म्हणून "दोन्ही करून बघितलं" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, आलटून पालटून केलंत का?

मग नुसतं दुर्लक्षच का नाही सांगितलं? जिथे टिंगलीला खतपाणी फक्त तुमच्या चेहऱ्यावरून मिळतं तिथे दुर्लक्ष चालतं, म्हणजे दोघंच असताना टोमणे मारणारा शेजारी वगैरे. तेही खरं दुर्लक्ष हवं. कान लाल करून हेडफोन लावणं, कप ठेवून तरातरा निघून जाणं हे दुर्लक्ष नाही, ते उत्तरच आहे फक्त शब्द नाहीत. आणि खरं दुर्लक्ष सुरू केलं की काही दिवस त्रास वाढतो, विझायच्या आधी दिवा फडफडतो ना तसं, आवाज चढतो, नवीन विषय काढले जातात. बरीच माणसं नेमकी तेव्हा तुटतात आणि समोरचा शिकतो की जोर वाढवला की काम होतं. पण या मुलाच्या बाबतीत मोबदला त्याच्याकडून येतच नव्हता फारसा, तो येत होता तिघांच्या हसण्यातून. हा वर्षभर दगडासारखा बसला असता तरी हसणं चालूच राहिलं असतं.

मित्रांचा सल्लाही मी बाजूला ठेवला, म्हणजे तूही त्याला सणसणीत टोला हाण वगैरे. टोल्याला टोला दिला की तो खेळ होतो, समोरचा दुसऱ्या दिवशी तयारी करून येतो आणि आपण त्याचे कायमचे जोडीदार होतो.

आम्ही तयार केलं ते एक सपाट उत्तर. "हो, आमच्याकडे असंच बोलतात." एवढंच, आवाज शेवटी खाली, हसू नाही राग नाही, आणि लगेच मान वळवून दुसऱ्या कुणाला तरी कामाचं विचारायचं, "जीएसटीचं रिटर्न झालं का तुमचं?" टेबलावरचं लक्ष दुसरीकडे जातं आणि हसायला जागाच राहत नाही. हे ऐकायला सोपं आहे, पण माझ्यासमोर त्याने ते वीस-बावीस वेळा म्हटलं तेव्हा कुठे आवाजातली थरथर गेली. दर वेळी हेच वाक्य, नवीन काही सुचलं तरी नाही.

दुसरं काम जास्त अवघड होतं. त्या तिघांत एक सीनियर ताई होत्या, ज्या याच्याशी चांगल्या वागायच्या. त्यांना एकटं गाठून त्याने सांगितलं, "ताई, माझी बाजू घ्या असं नाही म्हणत, फक्त त्या नकलेला हसू नका, मला त्रास होतो." त्यांना खरंच कल्पना नव्हती. कॅनडात शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून केलेल्या एका अभ्यासात (२००१) दिसलं होतं की बघणाऱ्या मुलांपैकी कुणी मध्ये पडलं तर निम्म्याहून जास्त वेळा त्रास देणं दहा सेकंदांत थांबतं. मोठ्यांच्या चहाच्या टेबलावर हेच प्रमाण असेल असं मी म्हणणार नाही, पण इथे मात्र ताई हसायच्या थांबल्या तसे दुसरेही थोडे कमी हसायला लागले.

आणि तिसरं, लिफ्टमध्ये, जिथे प्रेक्षक नाहीत तिथे, एकदाच सरळ सांगणं: "माझ्या बोलण्याची नक्कल बंद कर. कामाचं काय ते बोल."

त्यावर त्या माणसाने काय केलं ते वहीत आहे. पहिल्या आठवड्यात "च्यायला, सिरीयस झाला" आणि नक्कल आणखी मोठ्याने. दुसऱ्या आठवड्यात भाषा सोडून डब्यावर घसरला, म्हणजे तो दुसरं दार ठोठावून बघत होता, त्यालाही तसंच सपाट उत्तर. चौथ्या आठवड्यात एकच नोंद. मग गणपतीच्या सुट्ट्यांनंतर पहिल्याच दिवशी परत "काय करायलास". मुलगा घाबरून फोन करतो, सगळं वाया गेलं म्हणून. नाही गेलं, बंद पडलेली सवय मध्ये खंड पडला की एकदा डोकं वर काढून बघतेच, त्या एका वेळी चिडलो तर मात्र पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं टिंगलीपुरतं बरं का. जातीवरून बोलणं, अंगाला हात लावणं, बाईला लैंगिक शेरे मारणं, यात दुर्लक्षही नको आणि सपाट उत्तरही नको. तारीख-वेळ लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा. लैंगिक त्रासासाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असावीच लागते आणि तिच्याकडे साधारण तीन महिन्यांच्या आत जायचं असतं, म्हणून वाट बघत बसू नका.

त्या मुलाला मी वही दिवाळीपर्यंत चालू ठेवायला सांगितलीये, दिवाळीला पुन्हा मोठी सुट्टी येते म्हणून. आईचा फोन तो आता जागेवरच घेतो.