नोकरी शोधतोय म्हणून तीन महिन्यांचा टॅरो स्प्रेड काढलाय. महिना संपल्यावर प्रत्येक कार्ड कसं तपासायचं? दुसऱ्या महिन्याचं कार्ड वाईट आलंय, परत काढू का?

परत काढू नका. माझी ताई हेच करायची, नको ते कार्ड आलं की पत्ते पिसून पुन्हा काढायची आणि बरं काही आलं की "हे खरं" म्हणायची, त्यावरून आमची वर्षानुवर्षं भांडणं झालीत.

माझी नोकरी गेली तेव्हा १० जूनला मी स्प्रेड मांडला. दर महिन्याला दोन कार्डं, वरचं काय घडेल आणि खालचं मी काय करावं. महिना कॅलेंडरचा नाही, मांडला त्या तारखेपासून मोजायचा, म्हणजे १० जून ते ९ जुलै असा. सहाही कार्डं एकाच दिवशी उघडली, फोटो काढला आणि वहीत प्रत्येकासमोर त्याच दिवशी दोन ओळी लिहिल्या. मला काय वाटतंय ही एक आणि काय झालं तर मी चुकले असं समजायचं ही दुसरी. ही दुसरी ओळ कुणी लिहीत नाही, आणि तिच्याशिवाय नंतर तपासण्यात काही अर्थ नाही, कारण टॅरोचं कुठलंही कार्ड मागाहून कशालाही लावता येतं.

दुसऱ्या महिन्याला वर आलं फोर ऑफ कप्स. रायडर-वेट डेकमध्ये झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण आहे, समोर तीन पेले, आणि ढगातून एक हात त्याला चौथा पेला देतोय पण त्याचं लक्षच नाही. मी लिहिलं, "कंटाळा येईल, अर्ज थंडावतील. १५ च्या वर अर्ज गेले तर चुकले." खाली सिक्स ऑफ पेंटॅकल्स, हातात तराजू धरून नाणी वाटणारा व्यापारी. त्यासमोर लिहिलं, "ओळखीच्यांकडे शब्द टाक, निदान दहा जणांकडे."

९ ऑगस्टला तपासायला बसले तेव्हा आधी वही उघडली नाही. हे महत्त्वाचं आहे, जुनं लिहिलेलं वाचून मग महिना आठवायला गेलात तर आठवण त्याच्याकडेच वळते. मी आधी सेंट मेल आणि कॉल लॉग काढून महिन्यात काय झालं ते कागदावर उतरवलं. पोर्टलवरून ४१ अर्ज, ओळखीच्यांना मेसेज फक्त दोन. शिवाय एका जुन्या सहकारणीचा मिस्ड कॉल, तिने सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टबद्दल मेसेजही टाकला होता, मी परत फोनच केला नाही. मग वही उघडली. वरचं कार्ड चुकलं, ४१ अर्ज म्हणजे थंडावणं नाही, समोर सरळ "नाही" लिहिलं. खालच्या कार्डाला जुळलं की नाही हे लावायचंच नसतं, ते केलं की नाही एवढंच बघायचं. मी केलं नव्हतं.

ताईने फोटो बघितला आणि म्हणाली, "अगं तो ढगातला हात बघ, तोच तुझा मिस्ड कॉल! कार्ड बरोबरच होतं." मला पण क्षणभर अंगावर काटा आला. पण ते मला ९ ऑगस्टला दिसलं, १० जूनला मी लिहिलं नव्हतं, म्हणून ते हिरव्या शाईने बाजूला लिहिलं आणि "नाही" तसंच ठेवलं. नंतर सुचलेला अर्थ कामाचा असतो, मी दुसऱ्याच दिवशी त्या सहकारणीला फोन केला (जागा भरली होती), पण तो मार्क म्हणून धरायचा नाही.

तिसऱ्या महिन्याला एट ऑफ वॉन्ड्स होतं, आकाशातून सुसाट येणाऱ्या आठ काठ्या, मी लिहिलेलं "ऑफर पटकन येईल, ९ सप्टेंबरच्या आत." सिक्स ऑफ पेंटॅकल्सचं राहिलेलं काम त्या महिन्यात पूर्ण केलं, त्यातल्याच एकीकडून ऑफर आली, २० सप्टेंबरला. ताई अजून म्हणते की कार्ड खरं ठरलं, थोडं लेट झालं. अकरा दिवस लेट म्हणजे चूक, ताई. तू वाचत असशील तर वहीत आजही "नाही"च आहे.

तुमचं वाईट कार्ड कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स किंवा टॉवर असेल तरी त्यासमोर "वाईट" एवढंच लिहू नका, वाईट म्हणजे नेमकं काय ते लिहा, इंटरव्ह्यूच येणार नाही की येऊन नकार मिळेल. उलटं आलेलं कार्ड पहिल्या दिवशी उलटं वाचलं असेल तर तिन्ही महिने तसंच वाचा. आणि हो, आधी सांगायला हवं होतं, तुम्ही सध्या नोकरीत असाल आणि ९० दिवसांचा नोटिस पिरियड असेल तर तिसऱ्या महिन्याच्या कार्डाला जॉइनिंग लावू नका, ऑफर लेटर लावा, नाहीतर ते कार्ड तपासायचं म्हटलं तरी तपासता येणार नाही.