आधी बाथरूम, मग भाडेकरार

व्हीलचेअर वापरता आणि आता एकट्यानं राहायचं ठरवलंय? मग फ्लॅट बघायची घाई करू नका. आधी राहत्या घरात पंधरा दिवस सगळं एकट्यानं करून बघा; आईनं किंवा भावानं हात लावला की वहीत लिहा. नवखे लोक स्वयंपाक शिकण्यात महिने घालवतात. अहो, डबा मिळतो, पण रात्री दोनला कमोडवर बसवायला कोणी मिळत नाही. त्यामुळे व्हीलचेअरवरून कमोडवर सरकणं आधी पक्कं करा.

घर बघायला जाताना टेप न्या:

- खुर्ची २५ इंच रुंद असेल, तर दारात २८ इंच तरी मोकळे हवेत, नाहीतर बोटं चौकटीला सोलवटतात.
- कमोड खुर्चीच्या गादीइतका उंच हवा.
- बाथरूमचं दार बाहेर उघडणारं हवं. आत पडलात, तर तुमच्याच अंगानं दार अडतं आणि मदतीला आलेल्याला ते ढकलता येत नाही.