मराठी शाळेतली अपूर्णांकांची शाब्दिक उदाहरणं रशियनमध्ये नीट कशी उतरवायची?

"सहावी-सातवीची गणिताची उदाहरणं रशियनमध्ये करायची आहेत. अपूर्णांक आणि एककं कशी लिहावीत? प्रश्नाची शेवटची ओळ नेहमी परकी वाटते, का?"

शेवटची ओळ परकी वाटते, कारण तिच्यात आपला 'तर' तसाच जातो. मराठी उदाहरण एका दमात चालतं: टाकीत इतकं पाणी होतं, इतकं वापरलं, तर किती उरलं? रशियन पुस्तकात माहिती सुट्या सुट्या पूर्ण वाक्यांत येते आणि प्रश्न वेगळा उभा राहतो. 'येस्ली... तो', म्हणजे 'जर... तर', घालून अख्खं उदाहरण एका वाक्यात कोंबलं की व्याकरण शुद्ध, पण वाक्य मात्र सरकारी अर्जासारखं. (प्रश्न आधी आणि 'येस्ली' नंतर, ही मांडणी मात्र तिथे सर्रास चालते.)

एक उदाहरण घेऊ. टाकीत साडेसात लीटर पाणी होतं. आधी त्यातलं 2/5 वापरलं, मग उरलेल्यातलं 1/3 वापरलं, तर किती पाणी उरलं? रशियन मजकूर असा होईल, देवनागरीत अक्षरश: लिहितो: "व बाके बीलो 7 1/2 लीत्रा वोदी. स्नाचाला इझरासखोदोवाली 2/5 वोदी, आ पोतोम 1/3 ओस्तात्का. स्कोल्को लीत्रोव वोदी ओस्तालोस व बाके?" आधी 3 लीटर वापरलं, 4 1/2 राहिलं, त्यातलं 1 1/2 गेलं, उत्तर 3 लीटर.

यात दोन जागा नाजूक आहेत. पहिली 'ओस्तात्का', म्हणजे 'उरलेल्याचा'. तो शब्द गाळून नुसतं 1/3 लिहिलं, तर मुलगा मूळ साडेसात लिटरांचा तिसरा भाग, म्हणजे 2 1/2 लीटर काढेल आणि उत्तर 2 लीटर येईल. मराठीत 'त्यातील' शब्दावर आपण फार भार टाकतो. रशियनमध्ये कशाचा भाग ते नाव घेऊन सांगायचं.

दुसरी जागा 'लीत्रा'. इथेच बहुतेक अनुवाद घसरतात. पूर्ण संख्या असेल तर 2, 3, 4 पुढे 'लीत्रा' आणि 5 पासून 20 पर्यंत 'लीत्रोव' (21 या संख्येपुढे पुन्हा एकवचनी 'लीत्र'). पण अपूर्णांक आला की एककावर सत्ता अपूर्णांकाची, पूर्ण संख्येची नाही. म्हणून 7 1/2 आणि 7,5 दोन्हींपुढे 'लीत्रा'च, आधी 7 असला तरी. तेच शब्दांत 'साडेसात' म्हणजे 'सेम स पोलोविनोय' लिहिलं की 'लीत्रोव', कारण आता सत्ता पुन्हा साताकडे. अंकांतलं वाक्य शब्दांत बदलताना शेपूट बदलायला विसरू नका. तपासायची सोपी खूण: अंक मोठ्याने वाचा. 7,5 वाचताना शेवटी 'पाच दशांश' येतं, आणि लीटर त्याच्याच मागे उभा असतो.

आपल्या 'दीड'ला तिथे अस्सल जोड आहे, 'पोल्तोरा'. 'दीड तासात' म्हणजे 'झा पोल्तोरा चासा'. मिनिट स्त्रीलिंगी, म्हणून 'पोल्तोरी मिनूती'. 'सव्वा'ला आणि 'अडीच'ला मात्र एक शब्द नाही. तिथे अंक लिहा. 'पाऊण तास' असेल तर 45 मिनिटं लिहिणं बरं, पण अपूर्णांकाचाच सराव घ्यायचा असेल तर 3/4 ठेवा, नाहीतर उदाहरणातला कसच जाईल.

स्वल्पविरामाची गोष्ट वेगळी, कारण ती भाषेची चूक न दिसता गणिताची चूक होते. रशियनमध्ये दशांश चिन्ह म्हणजे स्वल्पविराम. 2.5 चं 2,5 करणं सगळ्यांना आठवतं. पण '12,500 ग्रॅम' तसंच राहिलं तर ते साडेबारा ग्रॅम होतं. तिथे हजारांनंतर जागा सोडतात, 12 500. दशांशांची यादी अर्धविरामांनी तोडा. एककाआधीही जागा, आणि संक्षेपांना टिंब नको: л, кг, км/ч.

आता मतभेदाचं. 'मूळ मजकुराशी प्रामाणिक राहा' म्हणून 'तीनपट' आणि 'तीनने जास्त' यांना एकच साचा लावा, असा आग्रह धरणारे संपादक मला भेटले आहेत. हा प्रामाणिकपणा नव्हे, आळस आहे. तीनपट म्हणजे 'व 3 राझा बोल्शे', तीनने जास्त म्हणजे 'ना 3 बोल्शे'. प्रश्नातही तेच: 'व स्कोल्को राझ' विचारलं की मूल भागतं, 'ना स्कोल्को' विचारलं की वजा करतं. या दोनांत गल्लत झाली तर बाकी वाक्य कितीही सुबक असो, ते उदाहरण वेगळंच आहे.

हे सगळं शालेय लेखनापुरतं. बोलण्यात रशियन माणसं अपूर्णांकांची शेपटं स्वत:च चुकवतात, त्यामुळे 'आम्ही तर असंच बोलतो' म्हणणाऱ्या तपासनिसावर लगेच विसंबू नका.