वेबरच्या आकडेवारीतली चूक

प्रश्न: प्रोटेस्टंट धर्मामुळे भांडवलशाही आली असं जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर म्हणाला. इतिहासकार ते का मानत नाहीत?

वेबर इतकं सरळ म्हणाला नव्हता. १९०४-०५च्या निबंधात त्याचा मुद्दा असा होता: मोक्ष कोणाला मिळणार हे देवाने आधीच ठरवलंय, या प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनच्या शिकवणीने माणूस धास्तावला. आपण निवडलेले आहोत याची खूण तो शिस्तबद्ध कामात शोधू लागला. चैन निषिद्ध, म्हणून कमाई पुन्हा धंद्यात.

निबंधाची सुरुवात मात्र जर्मनीतल्या बाडेनच्या आकड्यांनी होते, आणि तिथेच गोची आहे. बाडेनमध्ये प्रोटेस्टंट सुमारे ३७ टक्के, पण व्यवहारोपयोगी शिक्षणाच्या एका प्रकारच्या शाळांत ते ६९ टक्के, असं वेबरने आपल्या विद्यार्थ्याच्या अभ्यासातून घेतलं. स्वीडिश इतिहासकार कुर्ट सॅम्युएल्सन यांनी १९५७मध्ये तक्त्यातली ती ओळ तपासली. प्रोटेस्टंट ६९, कॅथलिक ३१, ज्यू ९. बेरीज १०९! खरा आकडा ५९ होता. (इतकी वर्षं कोणी बेरीजच केली नसावी.)

तरी ५९ हेही ३७पेक्षा जास्तच की! पण तुलना संपूर्ण बाडेनशी का करायची? या शाळा शहरांत होत्या, आणि त्या भागांत मुळातच प्रोटेस्टंट जास्त. शाळा असलेल्या भागाच्या लोकसंख्येशी ताडून पाहिलं की फरक जवळजवळ मिटतो.

शिवाय हिशेबवही, हुंडी, पेढ्या हे सगळं फ्लॉरेन्स-व्हेनिसच्या कॅथलिक व्यापाऱ्यांकडे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरच्या आधीपासून होतं. वेबरचे समर्थक यावर म्हणतात, तो नफ्याच्या हव्यासाबद्दल नव्हे, कामाकडे बघण्याच्या वृत्तीबद्दल बोलत होता. हे मला पटतं, पण वृत्ती मोजायची कशी?